अडीच लाखांची पायरी

पत्र

नाशिकच्या मेन रोड परिसरात आमचे साड्यांचे दुकान आहे. वडिलांनी सुरू केले, गेली नऊ वर्षे मी पाहतो. सहा विक्रेते आहेत, शिवाय माल काढून देणे आणि घड्या घालणे यासाठी दोन मदतनीस. दोन वर्षांपूर्वी मी कमिशन सुरू केले : महिन्यात अडीच लाखांची विक्री केली तर पूर्ण विक्रीवर एक टक्का, त्याखाली काही नाही. सुरुवातीला विक्री वाढली. आता मात्र बस्त्याचे गिऱ्हाईक आले की दोघे एकदम धावतात, सूट मागण्याआधीच दिली जाते, महिनाअखेरीची बिले पुढच्या आठवड्यात परत येतात. मागच्या महिन्यात तर एका बाईंना सेमी पैठणी हातमागाची म्हणून विकली गेली. त्या सासूबाईंना घेऊन आल्या आणि भर दुकानात बोलल्या. माणसे जुनी आहेत, काढवत नाही. टार्गेट वाढवू, दंड लावू, की विक्रीऐवजी नफ्यावर कमिशन देऊ?

— एक दुकानदार, नाशिक

उत्तर

नमस्कार.

तुमचे पत्र वाचल्यावर मी कागद घेऊन एक छोटा हिशेब मांडला; तो तुम्हीही मांडून पाहावा. समजा, महिन्याची २९ तारीख आहे आणि तुमच्या एका विक्रेत्याची विक्री २ लाख ४४ हजारांवर आली आहे. तो तिथेच थांबला तर त्याला एक रुपयाही मिळत नाही. त्याने आणखी ६ हजारांची एक साडी विकली, तर त्याच्या हातात २,५०० रुपये पडतात. म्हणजे कागदावर कमिशन एक टक्का असले तरी त्या एका साडीवर ते चाळीस टक्क्यांहून अधिक आहे. त्या साडीवर तुम्हाला स्वतःला एवढा नफा सुटत असेल का, हे तुम्हीच मला सांगा. अशा क्षणी मेहुणीच्या नावावर बिल फाडून पाच तारखेला ती साडी परत आणावी, हा विचार मनात न येणारा माणूस मिळेलही, पण सहाच्या सहा जण तसे मिळतील अशी अपेक्षा ठेवून योजना आखता येत नाही.

याच पायरीची दुसरी बाजू तुमच्या पत्रात नाही, कारण ती गल्ल्यावरून दिसत नाही. ज्याची विक्री २२ तारखेला दीड लाखावर अडकली आहे, त्याने या महिन्यावर मनातून पाणी सोडलेले असते. त्याच्यापुढे बसलेल्या गिऱ्हाइकाने आज साडी घेतली काय किंवा आठ दिवसांनी घेतली काय, त्याला आज घेतलेली नकोच असते, कारण आजची विक्री त्याच्या दृष्टीने वाया जाते. मग तो हळूच सांगतो, ‘ताई, एक तारखेनंतर या, नवीन माल येतो आहे.’ त्यांतल्या काही ताई परत येतात. काही दोन दुकाने पुढे जाऊन त्याच दुपारी साडी घेतात, आणि ती गेलेली विक्री तुमच्या कोणत्याच वहीत दिसत नाही.

म्हणून कोणाला बोलावून जाब विचारण्याआधी गेल्या सहा महिन्यांची बिले काढा. प्रत्येक महिन्याच्या शेवटच्या तीन दिवसांतील बिले एका बाजूला ठेवा आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात परत आलेला किंवा बदलून दिलेला माल त्यांच्याशी विक्रेतावार जुळवा. महिन्याच्या मध्यातील कोणत्याही तीन दिवसांचे परतीचे प्रमाण शेजारी लिहिले की फरक नजरेत भरेल. तेच फोन नंबर पुन्हा पुन्हा दिसतात का, हेही पाहा. परतीची बिले एकाच माणसाची निघाली तर प्रश्न त्या माणसाचा आहे. ती चार-पाच जणांत वाटलेली निघाली, तर खोट माणसांत नसून अडीच लाखांच्या त्या पायरीत आहे. माझा अंदाज दुसऱ्या बाजूचा आहे.

‘माणसे जुनी आहेत’ असे लिहिताना तुमच्या मनात कुठेतरी ‘आणि बिघडली आहेत’ असे असावे, असे मला वाटले. या गृहीतकाकडे जरा थांबून पाहा. १९९२ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या ग्राहक विभागाने सीअर्स या मोठ्या कंपनीच्या मोटार दुरुस्ती केंद्रांवर, गाड्यांना गरज नसलेल्या दुरुस्त्या ग्राहकांच्या गळ्यात मारल्याचा आरोप ठेवला. तिथे गिऱ्हाइकाला दुरुस्ती सुचवणाऱ्या माणसांनाच दुरुस्तीच्या विक्रीवर कमिशन होते आणि अमुक इतके भाग विकलेच पाहिजेत असे कोटेही होते. कंपनीने पुढे त्या माणसांचे कमिशन बंद केले. ‘तुम्हाला काय हवे’ हे सांगणारा आणि ते विकल्याबद्दल पैसे घेणारा माणूस एकच असला, आणि गिऱ्हाइकाला माल पारखता येत नसला, की हे घडते. मोटारीच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरबद्दल जे खरे, तेच पैठणीच्या पदराबद्दलही खरे.

आता दुसरे गृहीतक : बिलावरचा आकडा म्हणजे विक्रेत्याची मेहनत. तुमच्या धंद्यात हे फारच अपुरे आहे. निफाड-दिंडोरीकडून एखादे कुटुंब लग्नाचा बस्ता बांधायला येते, पंधरा माणसे गादीवर बसतात, आणि दोन तासांत सव्वा लाखाचे बिल होते. त्या वेळी ज्याचे हात मोकळे होते, त्याचे निम्मे टार्गेट एका बैठकीत झाले. त्याच दुपारी शेजारच्या काउंटरवर तुमच्या विक्रेतीने एका शिक्षिकाबाईंना चाळीस मिनिटे सुती साड्या दाखवल्या आणि ९०० रुपयांची एक साडी गेली. मेहनत मोजायची झाली तर तिची कदाचित अधिक भरेल. शिवाय लासलगावला कांद्याचा भाव पडला, द्राक्षांच्या हंगामात अवकाळी पाऊस झाला किंवा मध्येच अधिक महिना आला, की बस्ते कमी होतात. त्यात विक्रेत्याचा दोष नसतो, पण टार्गेट मात्र पितृपक्षातही अडीच लाखच राहते. नशिबाचे पैसे मेहनतीच्या नावाने वाटले जाऊ लागले की माणसे मेहनत सोडून नशिबाच्या मागे धावतात; बस्त्याचे गिऱ्हाईक दारात दिसताच दोघे उठतात ते यामुळेच.

आणि एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण ती तुमच्याकडे असणारच. आज रात्री साडेआठला, दुकान वाढवण्याआधी, गादीकडे नीट पाहा. उलगडलेल्या साड्यांचा ढीग तिथे पडलेला असेल. पूर्वी गिऱ्हाईक उठले की ज्याने साड्या दाखवल्या तोच बोलता बोलता घड्या घालून ठेवत असे. आता तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो आणि ढीग दोन मदतनिसांवर येऊन पडतो. घडीला बिल नाही, म्हणून घडीला कमिशन नाही. अर्थशास्त्राचे २०१६ चे नोबेल मिळालेले बेंग्ट होल्मस्ट्रोम यांनी पॉल मिलग्रॉम यांच्याबरोबर १९९१ साली नेमकी हीच गोष्ट गणिताने मांडली होती : माणसाकडे मोजता येणारे आणि न येणारे अशी दोन्ही कामे असतील आणि तुम्ही फक्त मोजता येणाऱ्याला जोरदार बक्षीस लावले, तर दुसरे काम मरते. त्यांना ते गणिताने सिद्ध करावे लागले. आपल्याला साड्यांचा ढीग पुरतो.

तुम्ही विचारलेल्या तीन पर्यायांपैकी टार्गेट वाढवण्याबद्दल फार लिहीत नाही. पायरी उंच केली तर तिच्याखाली अधिक माणसे राहतील आणि काठावरच्यांची तडफड वाढेल, एवढेच. दंडाबद्दल सांगायचे तर, पगारातून काय कापता येते याची कायद्यात मर्यादित यादी आहे, आणि गिऱ्हाइकाने माल परत केला म्हणून पगार कापणे हे तिच्यात बसवणे अवघड जाईल. त्याहून मोठे नुकसान वेगळेच आहे. दंडाच्या भीतीने विक्रेता परत आलेल्या बाईंनाच ‘माल परत होत नाही’ म्हणून वाटेला लावतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. त्याचे उत्तर दुकानाच्या मालकाला द्यावे लागते, विक्रेत्याला नव्हे.

तिसरा पर्याय, नफ्यावर कमिशन, वरवर शहाणपणाचा दिसतो आणि म्हणूनच त्यात अधिक धोका आहे. तुमच्या दुकानात कोणत्या मालावर शेकडा नफा जास्त सुटतो, ते आठवा. हातमागाच्या पैठणीची किंमत येवल्याच्या विणकराकडूनच वर आलेली असते आणि तिच्यावर हात मारायला फार जागा नसते. सेमी पैठणीवर मात्र शेकडा नफा बहुधा बराच अधिक सुटतो. म्हणजे ज्या लबाडीमुळे त्या सासूबाई तुमच्या दुकानात आल्या, तिच्यावरच तुम्ही जास्त दराने कमिशन लावाल. पडून राहिलेल्या मालावर वेगळे बक्षीस ठेवण्याची जी पद्धत अनेक दुकानांत आहे, तिच्यातही हाच दोष आहे. जो माल जात नाही, त्याची किंमत उघडपणे कमी करावी. तो खपवण्यासाठी विक्रेत्याच्या जिभेला पैसे देऊ नयेत.

कमिशन सरळ बंद करून पगार वाढवावा आणि दिवाळीला सर्वांना चांगला बोनस द्यावा, हा चौथा पर्यायही आहे. जिथे मालक दिवसभर स्वतः गादीपाशी असतो आणि कोण किती राबते हे त्याला डोळ्यांनी दिसते, तिथे तोच सर्वांत स्वच्छ आहे. दुकान नवे असते तर मी तुम्हाला तेच सांगितले असते. पण दोन वर्षे मिळालेले पैसे बंद झाले की माणसाला ती पगारकपातच वाटते, आणि मेन रोडवर दुसरे दुकान चार पावलांवर असते. म्हणून कमिशन ठेवा, पण त्याची धार बोथट करा.

मी सुचवतो ती मांडणी अशी. ठरलेला पगार कमिशनशिवाय, एकटाच, किमान वेतनाच्या वर राहील हे आधी पाहून घ्या; कामगार कायद्याच्या सल्लागाराला एकदा विचारून ही बाब संपवा. त्यानंतर टार्गेट काढून टाका. विक्रीचा आकडा म्हणजे कर वगळून, सूट वजा करून आणि परत आलेला माल वजा करून उरलेली रक्कम, हे लिहून ठेवा. या निव्वळ विक्रीच्या ०.५ टक्का रक्कम सर्वांच्या सामाईक खात्यात जाईल, आणि ०.३ टक्का ज्याने विक्री केली त्याला पहिल्या रुपयापासून मिळेल. फक्त बस्त्याच्या बिलावर वैयक्तिक वाटा नाही. त्याचा पूर्ण ०.८ टक्का सामाईक खात्यातच जाईल, कारण बस्ता कधीच एकट्याने होत नाही. एक जण साड्या उलगडतो, दुसरा वरच्या मजल्यावरून आहेराचे गठ्ठे आणतो, तिसरी नवरीच्या आईला ब्लाउजपीस जुळवून देते. बस्ता कशाला म्हणायचे हेही आकड्यात ठरवा, उदाहरणार्थ एका कुटुंबाचे एका दिवसातील ४० हजारांवरचे बिल. तेवढ्यासाठी बिले तोडली जाऊ नयेत म्हणून एकाच फोन नंबरवरील त्या दिवसाची बिले गल्ल्यावर एकत्र धरावीत.

आता तुमच्या आकाराच्या दुकानाचा एक महिना घेऊ. निव्वळ विक्री १५ लाख, त्यांपैकी बस्त्याची ३ लाख. जुन्या पद्धतीने चार जणांनी मिळून ११ लाख विकून टार्गेट गाठले असेल, तर त्या चौघांना मिळून ११ हजार मिळाले. उरलेल्या दोघांनी ४ लाखांचा माल विकूनही त्यांना आणि दोन्ही मदतनिसांना काही मिळाले नाही. नव्या पद्धतीने सामाईक खात्यात १५ लाखांचे ०.५ टक्का म्हणजे ७,५००, आणि बस्त्याच्या ३ लाखांवरील ०.३ टक्का म्हणजे ९००, असे ८,४०० रुपये येतात. विक्रेत्याला एक वाटा आणि मदतनिसाला अर्धा वाटा धरला तर एकूण सात वाटे होतात आणि एक वाटा १,२०० रुपयांचा होतो. उरलेल्या १२ लाखांपैकी विक्रेत्याची स्वतःची सरासरी २ लाख, त्यावर ०.३ टक्का म्हणजे ६०० रुपये. अशा रीतीने साधारण विक्रेत्याला १,८०० आणि मदतनिसाला ६०० मिळतात आणि तुमचा एकूण खर्च १२ हजार होतो, म्हणजे पूर्वीपेक्षा एक हजाराने जास्त. ते एक हजार रुपये घड्यांचे आहेत असे समजा.

या मांडणीत २ लाख ४४ हजारांवरच्या माणसाचे काय होते, ते पाहा. त्याला वैयक्तिक वाट्याचे ७३२ रुपये मिळतात. अडीच लाख झाले असते तर ७५० मिळाले असते. अठरा रुपयांसाठी मेहुणीच्या नावावर कोणी बिल फाडत नाही. ५ हजारांची साडी कोणत्या विक्रेत्याच्या नावावर लागली यावरून होणारे भांडणही पंधरा रुपयांचे उरते. आणि जे कुटुंब सकाळी बघून गेले, तीन दुकाने फिरले आणि संध्याकाळी परत आले, त्याला ‘तुम्ही मघाशी कोणाकडे बसला होतात’ असे न विचारता जो मोकळा असेल तो बसवून घेतो, कारण त्या विक्रीचा मोठा हिस्सा सगळ्यांचाच आहे. गिऱ्हाइकाला उठू न देण्याचा जो आग्रह असतो, त्याचे मूळ हेच असते की ते परत आले तर दुसऱ्याच्या हाती लागेल.

सामाईक वाटा हजेरीच्या दिवसांप्रमाणे करा, मात्र साप्ताहिक सुट्टी आणि रजा मंजूर असलेले आजारपण हजेरीतच धरा. नाहीतर ताप अंगावर घेऊन माणसे काउंटरवर उभी राहतील.

पैसे कधी द्यायचे, हे किती द्यायचे याच्याइतकेच महत्त्वाचे आहे. तुम्ही माल बदलून देण्याची मुदत पंधरा दिवसांची ठेवली असेल, तर महिन्याच्या शेवटच्या दिवसाचे बिल पुढच्या महिन्याच्या १५ तारखेला पक्के होते. म्हणून कमिशन पगाराबरोबर देऊ नका. पुढच्या महिन्याच्या २० तारखेला वेगळे द्या. जे बिल मुदतीत परत आले ते आकड्यात धरलेच जात नाही, त्यामुळे दिलेले पैसे मागण्याची आणि पगारातून कापण्याची वेळच येत नाही. दंडाचे जे काम तुम्हाला हवे होते ते इथे आपोआप, कोणाचा अपमान न करता होते.

इथवर आले तरी दोन छिद्रे उघडी राहतात, आणि ती कमिशनने बुजत नाहीत. पहिले सूट देण्याचे. १२ हजारांच्या साडीत तुमची खरेदी ९ हजारांची असेल, तर नफा ३ हजार आहे. विक्रेत्याने दहा टक्के सूट दिली की तुमचे १,२०० रुपये, म्हणजे नफ्यातले चाळीस टक्के, गेले. जुन्या पद्धतीत त्याचे स्वतःचे कमिशन फक्त बारा रुपयांनी कमी होत असे. दुसऱ्याच्या पैशाने आपले काम इतके सोपे होत असेल तर हात सैल सुटणारच. नव्या पद्धतीत त्याचे वैयक्तिक नुकसान चार रुपयांहूनही कमी आहे, म्हणजे या बाबतीत माझी योजना तुमच्या योजनेहून थोडी वाईटच आहे, आणि हे तुम्हाला आधी माहीत असलेले बरे. म्हणून सूट विक्रेत्याच्या हातातून काढून घ्या. शक्य असेल तर एकच भाव ठेवा. ते नाशिकच्या गिऱ्हाइकाला आणि तुम्हालाही लगेच जमणार नसेल, तर बस्त्याला किती आणि जुन्या गिऱ्हाइकाला किती हे ठरवून ती सूट फक्त गल्ल्यावरचा माणूस देईल असे करा. विक्रेत्यालाही ते सोयीचे पडते. ‘माझ्या हातात नाही हो’ हे त्याला खरेपणाने म्हणता येते.

दुसरे छिद्र पैठणीचे. त्या सासूबाईंनी दुकानात काय केले असेल, ते मला न पाहताही सांगता येते. त्यांनी पदर उलटा केला असेल. हातमागावर परंपरेने विणलेल्या पैठणीचा पदर मागून आणि पुढून जवळजवळ सारखा दिसतो, मोर मागच्या बाजूलाही मोरच असतो; यंत्रमागावरच्या नकलेत मागे सुटे धागे धावलेले किंवा कातरलेले दिसतात. हे ज्ञान त्यांच्याकडे होते, सुनेकडे नव्हते, आणि विक्री सुनेला झाली होती. मालाचे खोटे वर्णन करणे हीसुद्धा वर सांगितलेल्या कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथाच आहे. यावर उपाय म्हणजे वर्णन करण्याचे काम विक्रेत्याच्या तोंडून काढून चिठ्ठीवर आणणे. प्रत्येक साडीला लावलेल्या चिठ्ठीवर ‘शुद्ध रेशीम’ की ‘सेमी’, ‘हातमाग’ की ‘यंत्रमाग’ हे चार शब्द मराठीत असावेत आणि तेच शब्द बिलावर छापून यावेत. शुद्ध रेशमाच्या मालाला सिल्क मार्कचे लेबल असेल तर ते काढू देऊ नका. पैठणीच्या काउंटरवर पदर उलटा करून दाखवूनच विक्री करायची, हा नियम केला तर सेमी पैठणीही विकली जाईल, फक्त सेमी म्हणून. ती घेणाऱ्या बायका पुष्कळ आहेत आणि त्यांना ती तशीच हवी असते.

यावर लक्ष ठेवायला महिन्यातून एक तास पुरेल. कोणतीही दहा बिले उचला आणि त्या गिऱ्हाइकांना स्वतः फोन करा. ‘आमची सेवा कशी वाटली’ असे विचारू नका. त्यावर सगळे ‘छान’ म्हणतात. ‘साडी घेताना आमच्या माणसाने तिच्याबद्दल काय सांगितले होते’ एवढेच विचारा आणि मिळालेले उत्तर बिलावरच्या चार शब्दांशी ताडून पाहा. त्याच तासात विक्रेतावार परतीचे प्रमाणही पाहा. एखाद्याच्या साड्या सातत्याने स्वस्त साडीशी बदलून नेल्या जात असतील, तर तो गिऱ्हाइकाला त्याच्या ऐपतीच्या वर ढकलतो आहे असे समजावे. अशा वेळी आकडा पुढे ठेवून त्याच्याशी एकट्याने बोला. फळ्यावर मात्र काही लिहू नका. मी एका कापड दुकानाचा हिशेब पाहत असताना रोजच्या विक्रीची क्रमवारी फळ्यावर लावण्याची कल्पना माझीच होती. पंधरा दिवसांत तिथल्या विक्रेत्यांनी एकमेकांना माल शोधून देणे थांबवले, आणि मला तो फळा पुसायला आणखी दोन महिने लागले.

आता तुमचा सर्वांत जास्त विकणारा विक्रेता. तो बहुधा पहिल्याच दिवशी म्हणेल की त्याच्या जिवावर बाकीचे खाणार. त्याला एखाद्या चांगल्या महिन्याशी तुलना करू देऊ नका. गेल्या बारा महिन्यांची बेरीज काढा. समजा, त्याने आठ महिने टार्गेट गाठले आणि दर वेळी सुमारे ३ हजार घेतले, तर वर्षाचे २४ हजार, म्हणजे महिना सरासरी २ हजार झाले. नव्या पद्धतीत सामाईक वाट्याचे १,२०० आणि बस्ता सोडून त्याची विक्री २ लाख ३० हजार धरली तर त्यावरचे ६९० मिळून १,८९० होतात. तूट ११० रुपयांची आहे, आणि कोरडे चार महिने आता कोरडे राहत नाहीत. तरीही तो खरोखर तुमचा उत्तम माणूस असेल, नव्यांना शिकवत असेल, गिऱ्हाईक त्याचे नाव घेऊन येत असेल, तर त्याचा पगार वाढवा आणि कशासाठी वाढवला ते सांगा. ते त्याला कमिशनच्या आडून देऊ नका.

या योजनेला मर्यादा आहेत. सामाईक वाटा आठ-दहा माणसांपर्यंत चालतो, कारण तिथे कोण टाळाटाळ करतो हे सर्वांना दिसते आणि त्याला बोलणारेही असतात. उद्या तुम्ही गंगापूर रोडला दुसरी शाखा काढली, तर दोन्हींचे खाते एक करू नका. तिथल्या माणसाने घातलेली घडी इथल्याला दिसत नाही. आणि एखादा खरोखरच काम टाळत असेल तर योजना त्याला सुधारणार नाही. ते काम तुमचे आहे, समोर बसवून करायचे.

सुरुवात लग्नसराईच्या किंवा दिवाळीच्या तोंडावर करू नका. आषाढात करा, तेव्हा विक्री कमी असते आणि चुका स्वस्तात होतात. पहिल्या महिन्याचा आकडा मात्र छोटा येईल आणि माणसे धास्तावतील, म्हणून मागच्या वर्षाच्या बाराही महिन्यांना नवे नियम लावून प्रत्येकाला त्याचा स्वतःचा आकडा आधीच दाखवा. नियम एका पानावर, मराठीत, मदतनिसालाही वाचता येतील असे लिहा, आणि ते वर्षभर बदलणार नाहीत असे त्याच पानावर सही करून द्या. चांगला महिना आला की मालक दर कमी करतो, हे दुकानात काम करणाऱ्या प्रत्येकाने कुठे ना कुठे पाहिलेले असते. २० तारखेला पाकीट देताना त्यात त्या माणसाच्या बिलांची यादी ठेवा. पहिल्या दोन-तीन महिन्यांत कोणीतरी येऊन ‘हे बिल माझे होते’ असे म्हणेल. त्याच्यासमोर बिल शोधा आणि त्याचे खरे निघाले तर ते पंधरा रुपये तिथेच गल्ल्यातून काढून द्या.